बारा भूमिका, एक पत्र: पुनर्रचना जाहीर करतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही कंपनी मोठी यंत्रं विकते आणि विकल्यानंतर त्यांची देखभाल-दुरुस्तीही तीच करते. एकूण 214 माणसं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण घटनांचा क्रम आणि निर्णय जसे घडले तसेच ठेवले आहेत. मी तिथे एचआरमध्ये होते आणि पुनर्रचनेची घोषणा लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं.

सेवा विभाग तीन शाखांमध्ये वाटलेला होता. प्रत्येक शाखेचा तक्रार डेस्क वेगळा, सुट्या भागांचं स्टोअर वेगळं आणि चार-चार समन्वयक. ग्राहकाचा फोन आला की कोणता तंत्रज्ञ कुठे आणि कधी जाईल हे समन्वयक ठरवायचा. ही पद्धत कंपनी लहान असताना बसली होती आणि तेव्हा ती चांगली चालत होती. पुढे एका शाखेतले तंत्रज्ञ रिकामे बसलेले आणि शेजारच्या शाखेचा ग्राहक तीन दिवस थांबलेला, असं वारंवार व्हायला लागलं. एका स्टोअरमध्ये धूळ खात पडलेला भाग दुसरी शाखा नव्याने मागवायची.

संचालकांनी ठरवलं की तिन्ही डेस्क बंद करून एकच मध्यवर्ती नियोजन कक्ष करायचा आणि साठ्याचा हिशेब एकत्र ठेवायचा. याचा अर्थ समन्वयकाच्या बाराही भूमिका संपणार होत्या आणि नियोजकाच्या सात नव्या जागा तयार होणार होत्या. 19 जणांचं काम बदलणार होतं, त्यात बहुतेक स्टोअरमधले लोक आणि काही वरिष्ठ तंत्रज्ञ होते. 52 जणांचा फक्त मॅनेजर बदलणार होता. उरलेल्या 131 जणांच्या कामात काहीच फरक पडणार नव्हता.

अडचण

पहिला मसुदा मीच लिहिला होता आणि तो वाईट होता. सुरुवात अशी होती: "बदलत्या काळाची आव्हानं लक्षात घेऊन, अधिक ग्राहककेंद्री आणि चपळ संघटना घडवण्याच्या दिशेने आपण एक महत्त्वाचं पाऊल टाकत आहोत." असे पाच परिच्छेद झाल्यावर सहाव्यात एक ओळ होती: "या प्रक्रियेत काही भूमिकांवर परिणाम होऊ शकतो. संबंधितांशी योग्य वेळी संवाद साधला जाईल."

हा मसुदा आम्ही एका शाखाप्रमुखांना दाखवला. निर्णय त्यांना आधीपासून माहीत होता. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, ओळींवरून बोट फिरवत सरळ सहाव्या परिच्छेदापर्यंत आले आणि म्हणाले, "'काही' म्हणजे किती? 'योग्य वेळी' म्हणजे कधी? माझी माणसं मला पहिल्याच मिनिटाला हे विचारणार, आणि या कागदात त्याचं उत्तर नाही."

त्यांनी वाचलं तसंच प्रत्येक जण वाचणार होता. पुनर्रचनेचं पत्र हातात पडलं की माणूस त्यात आधी स्वतःला शोधतो. स्वतःचा पत्ता लागेपर्यंत बाकीचा मजकूर त्याच्या डोक्यात शिरत नाही. शिवाय माझ्या त्या एका ओळीने 12 जणांची बातमी 214 जणांच्या डोक्यावर टांगून ठेवली असती. ज्या 131 जणांचं काहीच बदलत नव्हतं, तेही त्या रात्री झोपले नसते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला वाद वेळेचा होता. संचालकांचं म्हणणं होतं की सात नियोजकांची निवड होऊन नावं पक्की झाल्यावर, म्हणजे साधारण सहा आठवड्यांनी, एकदाच सगळं सांगावं. अर्धवट सांगितलं तर गोंधळ वाढेल, अशी त्यांची भीती होती. सेवाप्रमुखांना उलट वाटत होतं: आज फक्त दिशा सांगू, तपशील नंतर देऊ. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण दोन्ही पर्यायांत मोठी खोट होती. गुपचूप निवड करायची तर बाराही जणांना न कळता त्यांचं मूल्यमापन करावं लागलं असतं. हे त्यांना नंतर कळल्यावर कंपनीच्या एकाही शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला नसता. नुसती दिशा सांगितली असती, तर माझ्या पहिल्या मसुद्याचीच मोठी आवृत्ती झाली असती.

शेवटी मधला मार्ग ठरला. कोणत्या भूमिका, किती आणि कधीपासून, एवढं पक्कं झालं की जाहीर करायचं. जे ठरलेलं नाही ते ठरलेलं नाही असं लिहायचं आणि ते कोणत्या तारखेपर्यंत ठरेल हेही लिहायचं. "योग्य वेळी" या शब्दांच्या जागी प्रत्येक ठिकाणी तारीख घालायची, हा नियम त्याच बैठकीत झाला.

इथे कायद्याचा मुद्दाही येतो. अनेक देशांत ठरावीक संख्येपेक्षा जास्त लोकांच्या नोकऱ्या जाणार असतील तर आधी सल्लामसलत करावी लागते किंवा आगाऊ नोटीस द्यावी लागते. ब्रिटनमध्ये 90 दिवसांच्या आत एकाच आस्थापनेतले 20 किंवा त्याहून जास्त कर्मचारी कमी करायचे असतील तर सामूहिक सल्लामसलत बंधनकारक आहे, आणि अशा ठिकाणी पत्रात "निर्णय" लिहायचं की "प्रस्ताव" यावर बरंच काही अवलंबून असतं. आमची संख्या कमी होती आणि आमच्यावर असं बंधन नव्हतं. तरी पत्रातला एकेक शब्द वकिलांकडून तपासून घेतला.

दुसरा वाद क्रमाचा होता. आधी सगळ्यांची सभा की आधी 12 जणांशी स्वतंत्र बोलणं? सभा आधी घेतली तर सगळ्यांना एकाच वेळी कळतं आणि कुजबुजीला वाव राहत नाही. पण मग आपली भूमिका संपतेय हे माणसाला दोनशे सहकाऱ्यांसमोर बसून कळतं, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्याकडे सगळे बघत असतात. आम्ही स्वतंत्र बोलणं आधी ठेवलं. मात्र पहिल्या माणसाशी बोलल्यापासून सभेपर्यंतचा वेळ अर्ध्या दिवसापेक्षा जास्त जाऊ द्यायचा नाही, असं ठरवलं. बारा जणांना एकदा कळलं की ते सगळ्यांना कळलंच, असं धरून चालावं लागतं.

तिसरा वाद कारणांचा होता आणि तो सगळ्यात अवघड गेला. या बदलात खर्चही कमी होणार होता. संचालकांना तो उल्लेख पत्रात नको होता. ग्राहकांचा त्रास हे कारण पुरेसं आहे आणि ते खरंही आहे, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना एकच प्रश्न विचारला: "ग्राहक थांबतात म्हणून एक कक्ष केला, हे पटतं. पण बाराऐवजी सातच का, याचं उत्तर या कारणात कुठे आहे?" ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "लिहा." तेव्हापासून कारणांचा भाग मी असाच तपासते. दिलेली कारणं वाचून नेमक्या याच भूमिका का संपतात आणि बाकीच्या का राहतात हे समजत नसेल, तर खरं कारण अजून पत्राबाहेर राहिलेलं असतं. लोक ते आपापल्या परीने भरून काढतात, आणि त्यांनी भरलेलं कारण नेहमी खऱ्याहून वाईट असतं.

केलेली कृती: पत्र

नवं पत्र दीड पानाचं झालं. सगळ्यात वर, कारणांच्याही आधी, तीन ओळी होत्या: "सेवा विभागाचे तीन तक्रार डेस्क बंद होऊन एक मध्यवर्ती नियोजन कक्ष सुरू होत आहे. समन्वयकाच्या 12 भूमिका संपत आहेत आणि नियोजकाच्या 7 नव्या भूमिका तयार होत आहेत. या 12 जणांशी आज सकाळी प्रत्यक्ष बोलणं झालं आहे." शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं होतं. सकाळी आपल्याला कोणी बोलावलं नसेल तर आपली भूमिका त्या बारांत नाही, हे वाचणाऱ्याला तिथेच कळत होतं.

त्याखाली कारणं, दोन परिच्छेदांत. ग्राहक का थांबतो, भाग दोनदा का मागवला जातो, आणि तीन ठिकाणी तेच काम करण्याचा खर्च कंपनी का पेलू शकत नाही. त्यातच एक वाक्य होतं: "समन्वयकांच्या कामात उणीव होती म्हणून हा बदल होत नाही, तीन वेगळे डेस्क ही रचनाच आता पुरी पडत नाही." हे खरं होतं म्हणूनच लिहिता आलं. कामगिरी हेही एक कारण असतं, तर हे वाक्य लिहिणं लबाडी ठरली असती.

बदलांच्या भागात काय बदलतं याच्या इतकंच काय बदलत नाही हेही लिहिलं: शाखा बंद होत नाहीत, तंत्रज्ञांचे भाग तेच राहतात, पगार आणि रजेचे नियम तेच राहतात. हा भाग छोटा ठेवला.

सर्वाधिक वेळ भूमिकांवरच्या परिणामाला गेला. आम्ही 214 जणांची यादी घेऊन प्रत्येक नावापुढे चारपैकी एक गट लिहिला: काही बदल नाही, फक्त मॅनेजर बदलतो, काम बदलतं, भूमिका संपते. कंटाळवाणं काम होतं, पण त्यातूनच आमच्या आराखड्यातली भोकं दिसली. तीन माणसं कोणत्याच गटात बसेनात. ती कागदोपत्री तंत्रज्ञ होती, पण प्रत्यक्षात अर्धा दिवस डेस्क सांभाळत होती. डेस्क गेल्यावर त्यांच्या त्या अर्ध्या दिवसाचं काय होणार, याचा विचार कोणीच केला नव्हता. ती तिघं "काम बदलतं" गटात गेली आणि तो आकडा 16 चा 19 झाला. ही यादी न करता सभा घेतली असती, तर तो प्रश्न भर सभेत आला असता आणि संचालकांकडे उत्तर नसतं.

पत्रात प्रत्येक गटासाठी तीन गोष्टी लिहिल्या: तुमच्यासाठी काय बदलतं, कोणत्या तारखेपासून, आणि याबद्दल तुमच्याशी कोण बोलेल. चौथ्या भागात मदत होती. 12 समन्वयकांना नव्या 7 जागांसाठी पहिली संधी, निवड न झाल्यास नोटीस पिरियडखेरीज तीन महिन्यांचा पगार, दुसरं काम शोधायला पगारी वेळ, आणि काम बदलणाऱ्यांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण. सोबत एचआरमधल्या दोन माणसांची नावं आणि ती कोणत्या वेळी भेटतील हेही दिलं.

घोषणेच्या आदल्या रात्री

बेत असा होता. मंगळवारी दुपारी 14 टीम लीडना सांगायचं, बुधवारी नऊपासून स्वतंत्र बोलणं, अडीचला सभा आणि तीनला पत्र.

मंगळवारी रात्री पावणेदहाला मला एका टीम लीडचा फोन आला. "मॅडम, माझ्या पोरांना ईमेल येतायत, 'तुमचा रिपोर्टिंग मॅनेजर बदलला आहे' म्हणून." एचआरच्या प्रणालीत 52 जणांच्या नोंदी आधीच भरून ठेवल्या होत्या. लागू होण्याची तारीख पुढच्या महिन्याची पहिली हवी होती, पण एका फाइलमध्ये ती दुसऱ्या दिवसाची पडली होती. नोंद बदलली की प्रणाली आपणहून ईमेल पाठवते, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. थांबवेपर्यंत 31 जणांना तो गेला होता आणि ग्रुपवर चर्चा सुरू झाली होती.

सव्वादहाला संचालक, सेवाप्रमुख आणि मी फोनवर होतो. तीन मार्ग होते: तांत्रिक चूक झाली म्हणून सांगायचं आणि बेत तसाच चालवायचा, पूर्ण पत्र रात्रीच पाठवून द्यायचं, किंवा खरं तेवढं थोडक्यात सांगून सगळं सकाळी लवकर ओढायचं. पहिला मार्ग सोपा होता आणि सेवाप्रमुखांचा कल तिकडे होता. पण "तांत्रिक चूक" म्हणून निजायचं आणि सकाळी पुनर्रचना जाहीर करायची, तर आदल्या रात्री आपण खोटं बोललो हे सकाळी उघड झालंच असतं. दुसऱ्या मार्गात 12 जणांना ही बातमी रात्री साडेदहाला, एकट्याने, फोनच्या पडद्यावर वाचावी लागली असती.

आम्ही तिसरा मार्ग घेतला. अकराच्या आत संचालकांच्या नावाने सगळ्यांना चार ओळी गेल्या: "आज रात्री काही जणांना रिपोर्टिंग बदलाचा ईमेल आला. तो वेळेआधी गेला, ही आमची चूक आहे. सेवा विभागात पुनर्रचना होत आहे आणि उद्या सकाळी अकरा वाजता मी स्वतः सगळ्यांना ती समजावून सांगेन. ज्यांच्या भूमिकेवर मोठा परिणाम होतो त्यांच्याशी त्याआधी प्रत्यक्ष बोलू."

शेवटची ओळ लिहावी की नाही यावर आम्ही दहा मिनिटं घातली. ती लिहिल्याने सकाळी बोलावणं आलं की माणूस समजून जाणार होता. न लिहिल्याने सगळ्यांनाच रात्रभर तो प्रश्न पडला असता. आम्ही ती लिहिली. आजही मला ती पूर्णपणे बरोबर वाटते असं म्हणवत नाही.

तो दिवस

सकाळी साडेसातपासून सहा जणांनी प्रत्येकी दोन अशी बारा बोलणी केली आणि साडेनऊला ती संपली. नियम एकच होता: पहिल्याच वाक्यात बातमी द्यायची. हवापाण्याच्या गप्पा नकोत, कारणांची प्रस्तावना नको. "तुमची समन्वयकाची भूमिका पुढच्या महिन्याच्या अखेरीस संपते आहे." मग थांबायचं आणि समोरचा बोलेपर्यंत गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार जड जातं.

माझ्या वाट्याला आलेल्या एक ताई अकरा वर्षं डेस्कवर होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, नियोजकाच्या भूमिकेचं वर्णन वाचलं, आणि विचारलं, "म्हणजे मी आता माझ्याच कामासाठी अर्ज करायचा?" माझ्याकडे याचं चांगलं उत्तर नव्हतं. नियोजकाच्या कामातलं निम्म्याहून जास्त काम त्या रोज करत होत्याच. "पहिली संधी" हे शब्द लिहिताना मला उदार वाटले होते. त्यांच्या बाजूने पाहिलं तर ती परीक्षा होती, आणि निकष काय आहेत हे पत्रात कुठेच नव्हतं.

अकराला सभा झाली. संचालकांनी पत्राच्याच क्रमाने सांगितलं आणि चाळीस मिनिटं प्रश्न घेतले. एकाने विचारलं, "पुढच्या वर्षी पुन्हा असंच होणार का?" टीम लीडच्या बैठकीत आम्ही याची तयारी करून घेतली होती. संचालक म्हणाले, "सेवा विभागात या वर्षी आणखी भूमिका कमी करायचा बेत नाही. त्यापुढचं वचन मी देऊ शकत नाही." सभेत थोडी चुळबूळ झाली. "आता हे शेवटचं" असं सांगायचा मोह मोठा असतो, पण ते त्यांच्या हातात नव्हतं.

दुपारी मात्र एका टीम लीडने आपल्या लोकांना धीर देण्यासाठी सांगून टाकलं, "आपल्या टीमला काही होणार नाही." त्याच्या टीममधले दोघं "काम बदलतं" गटात होते. हेतू चांगला होता. चूक आमची होती. आम्ही त्यांना काय बोलायचं ते दिलं होतं, पण काय बोलायचं नाही हे दिलं नव्हतं.

परिणाम

बारांपैकी सहा जणांची नियोजक म्हणून निवड झाली, त्यात त्या ताईही होत्या. दोघं कंपनीतच दुसऱ्या विभागात गेले आणि चौघांनी मोबदला घेऊन कंपनी सोडली. सातवी जागा तंत्रज्ञांमधून भरली. काम बदललेल्या 19 पैकी दोघांनी चार महिन्यांत राजीनामा दिला. दोघंही त्या अर्धा दिवस डेस्क सांभाळणाऱ्या तिघांपैकी होते.

पहिल्या आठवड्यात एचआरकडे आलेल्या प्रश्नांची नोंद आम्ही ठेवली होती. "माझं काय होणार?" हा प्रश्न जवळपास आलाच नाही. जे आले त्यातले बहुतेक निवडीच्या निकषांबद्दल होते. पत्राचा कोणता भाग कच्चा राहिला हे प्रश्नांच्या त्या यादीतूनच स्वच्छ दिसत होतं. आम्ही दुसऱ्या आठवड्यात निकष लेखी दिले, ते पहिल्या दिवशीच द्यायला हवे होते.

वेगळं काय करता आलं असतं

निवडीबद्दल मी आज वेगळी सुरुवात करेन. जुन्या आणि नव्या भूमिकेची कामं शेजारी-शेजारी मांडून किती काम तेच आहे ते आधी पाहीन. फार जुळत असेल तर अर्ज मागवणार नाही. बारा माणसं आणि सात जागा असताना निवड टळत नाही, पण मग ती अर्ज आणि मुलाखत यांऐवजी आधीच सांगितलेल्या निकषांवर व्हावी, आणि ते निकष त्या पहिल्या भेटीतच हातात द्यावेत.

प्रणालीतल्या नोंदी घोषणा झाल्यानंतरच भरायच्या, हा नियम झाला. त्याच्या जोडीला, आपणहून जाणारे ईमेल, बदललेली ग्रुपची नावं, कॅलेंडरवर दिसणारी बैठकांची शीर्षकं या सगळ्यांवर एकदा नजर टाकायची एक यादी तयार झाली. टीम लीडच्या कागदावर आता दुसरी बाजूही असते: कोणती वाक्यं बोलायची नाहीत आणि त्याऐवजी काय म्हणायचं. "मला माहीत नाही, उद्या चारपर्यंत विचारून सांगतो" हे वाक्य त्यात सगळ्यात वर आहे.

आणि एक गोष्ट तीन आठवड्यांनी कळली. मॅनेजर बदललेल्या 52 जणांपैकी एक जण प्रसूतीच्या रजेवर होती. तिचा ऑफिसचा ईमेल बंद होता, ती सभेला नव्हती, आणि तिच्या जुन्या मॅनेजरला वाटलं की नवा सांगेल, नव्याला वाटलं की जुन्याने सांगितलं असेल. तिला ही बातमी एका मैत्रिणीकडून कळली. मी फोन केला तेव्हा ती रागावली नव्हती. तिने एवढंच विचारलं, "मी यादीत होते ना?" ती यादीत होती, तिच्या नावापुढे गटही लिहिलेला होता. "कोण बोलणार" या रकान्यात मात्र माणसाचं नाव नव्हतं, "मॅनेजर" एवढंच लिहिलं होतं.